रजःस्रावकालीन साधने आणि योनिगत संसर्ग : कापडी घडी, कप व विषाक्त आघात

आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या स्त्रीरुग्णांपैकी अनेकजणी आजही धुऊन पुन्हा वापरता येणारे कापड वापरतात. अलीकडे शहरांतील तरुण मुली सिलिकॉनचा मेन्स्ट्रुअल कपही वापरू लागल्या आहेत. दोन्ही साधने पुनर्वापराची असल्याने त्यांचा विचार सहसा एकत्रच केला जातो. वास्तविक दोहोंपासून संभवणारे धोके भिन्न आहेत, आणि हा भेद न ओळखल्यास एका ठिकाणी अकारण भीती, तर दुसऱ्या ठिकाणी घातक दुर्लक्ष घडते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही दोहोंचा स्वतंत्र विचार करीत आहोत.

प्रथम कापडाचा विचार करू. कापड योनीच्या बाहेर राहते. त्याचा दोष कापड असण्यात नाही, ओलसरपणात आहे. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानात अचरणा योनिव्यापद् सांगताना योनीचे धावन न केल्याने जंतू उत्पन्न होऊन कंडू होते, असे कारण दिले आहे. आधुनिक निरीक्षणही याच दिशेचे आहे. ओडिशातील रुग्णालयांत आलेल्या ५५८ स्त्रियांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुनर्वापराचे कापड वापरणाऱ्यांत कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग अधिक आढळला. त्यातही घरात कापड वाळविणे आणि ते शौचालयातच ठेवणे या सवयी संसर्ग झालेल्या स्त्रियांमध्ये अधिक होत्या. अशा अभ्यासाने कारण सिद्ध होत नाही; तथापि रुग्णेस काय विचारावे, हे त्यातून निश्चित कळते.

लाजेपोटी कापड परकराखाली किंवा न्हाणीघराच्या दांडीवर वाळत घातले जाते. त्याला ऊन लागत नाही, वारा लागत नाही. अनेक थरांची शिवलेली घडी वरून कोरडी वाटली तरी शिवणीजवळ आत ओलीच असते. म्हणून उलगडून एकेरी वाळविता येईल असे सुती कापड श्रेयस्कर. ते चार ते सहा तासांनी, आणि भिजल्यास त्याआधीही, बदलावे. प्रथम थंड पाण्यात भिजवून रक्त काढावे, कारण गरम पाण्याने डाग पक्का होतो. नंतर साबणाने धुऊन, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळावे. कापडात राहिलेला साबणही त्वचेचा क्षोभ करतो. त्यानंतर ते थेट उन्हात वाळवावे. पावसाळ्यात ऊन नसेल तर कापड उलगडून गरम इस्त्री दोन्ही बाजूंनी, ओल पूर्ण जाईपर्यंत फिरवावी. वाळलेले कापड न्हाणीघरात न ठेवता कोरड्या पिशवीत ठेवावे. धुतल्यावरही वास राहणारे किंवा कडक झालेले कापड टाकून द्यावे.

एवढे करूनही लक्षणे दिसल्यास परीक्षण करावे. तीव्र कंडू आणि दह्यासारखा घट्ट, विशेष दुर्गंध नसलेला स्राव कॅन्डिडा सुचवितो. पातळ, करडा, माशासारखा वास असलेला स्राव जिवाणूजन्य योनिदोष सुचवितो. मात्र केवळ लक्षणांवरून निदान अनेकदा चुकते. म्हणून शक्य असेल तेथे स्रावाची सूक्ष्मदर्शक तपासणी करून घ्यावी. रुग्णेने स्वतः घरी साबणाने किंवा जंतुनाशकाने योनीच्या आतून धावन करू नये. त्याने हितकर जिवाणूंचा समतोल बिघडतो.

आता कपाचा विचार. कप योनीच्या आत राहतो आणि रक्त शोषून न घेता साठवितो. त्यामुळे योनी कोरडी पडत नाही. बहुसंख्य स्त्रियांना तो निर्धोक ठरतो. परंतु योनीत राहणाऱ्या कोणत्याही साधनाच्या संदर्भात एक विरळा पण प्राणघातक विकार लक्षात ठेवावा लागतो : विषाक्त आघात, म्हणजे टॉक्सिक शॉक सिंड्रोम. १९८० च्या सुमारास अमेरिकेत अतिशोषक टॅम्पॉनच्या संदर्भात तो मोठ्या प्रमाणावर आढळला. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचे काही प्रकार प्राणवायूच्या सान्निध्यात विष निर्माण करतात, आणि आत घातलेल्या साधनाबरोबर हवाही योनीत जाते. बहुतेक प्रौढांत या विषाविरुद्ध प्रतिपिंडे असतात. ती नसलेल्यांस, विशेषतः तरुण मुलींस, धोका अधिक. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कपविषयक समग्र आढाव्यात अशा पाच रुग्णांची नोंद होती. प्रमाण अत्यल्प आहे. पण विकार ओळखण्यास झालेला विलंब प्राणावर बेततो.

कप घालण्यापूर्वी व काढण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. देठ ओढून कप काढू नये. तळ चिमटीत दाबून, निर्वात सुटल्यावर हळूच काढावा. गर्भाशयात तांबी असल्यास हे अधिकच आवश्यक, अन्यथा तांबी सरकू शकते. अनेक उत्पादक बारा तासांपर्यंत मुभा देतात. आम्ही सहा ते आठ तासांची मर्यादा सुचवितो. २०१८ च्या एका फ्रेंच प्रयोगात केवळ पाण्याने धुतलेल्या कपावरही या जिवाणूचा थर टिकून राहिलेला आढळला. म्हणून दोन कप ठेवून प्रत्येक वापरानंतर एक उकळणे उत्तम. ते अशक्य असल्यास दर वेळी गंधरहित सौम्य साबण व स्वच्छ पाण्याने धुवावा, आणि पाळीच्या आरंभी व शेवटी पाच मिनिटे पूर्ण बुडवून उकळावा.

आता एक प्रसंग गृहीत धरू. श्रावणातील दिवस. चोवीस वर्षांची रुग्णा एका दिवसाचा १०२.५ अंश ज्वर, वमन, अतिसार आणि सर्वांगवेदना घेऊन येते. उभे राहताच भोवळ येते. ऋतू पाहता डेंग्यू किंवा आमातिसार मनात येणे स्वाभाविक आहे. येथे दोनच प्रश्न विचारावेत : पाळी चालू आहे काय? आत काही ठेवले आहे काय? ती सांगते, पाळीचा तिसरा दिवस आहे आणि कप काल सकाळपासून आतच आहे. नाडी १२८, रक्तदाब ८६/५४. डोळे लाल, छातीवर व पोटावर उन्हाने भाजल्यासारखी पसरलेली लाली, दाबल्यास फिकी होणारी.

हे चित्र दिसताच स्वच्छ हाताने कप काढून घ्यावा आणि तपासणीसाठी जपून रुग्णेबरोबर पाठवावा. लंघन-पाचनात किंवा तोंडावाटे औषधे देऊन प्रतीक्षा करण्यात एक तासही घालवू नये. शिरेतून द्रव, विषनिर्मिती थांबविणारी प्रतिजैविके आणि अतिदक्षता यांची तिला गरज असते. म्हणून चिठ्ठीत ‘पाळी, आत कप, विषाक्त आघाताची शंका’ असे स्पष्ट लिहून रुग्णालयात पाठवावे. त्वचेवर लाली नाही म्हणून शंका सोडू नये, ती उशिरा उमटते. तळहात-तळपायांची त्वचा सुटणे हे तर एक-दोन आठवड्यांनंतरचे लक्षण आहे. त्याची वाट पाहणे म्हणजे निदानाची वेळ गमावणे. बऱ्या झालेल्या रुग्णेत प्रतिपिंडे निर्माण होतीलच असे नाही आणि विकार पुन्हा उद्भवू शकतो. म्हणून तिने पुढे योनीत ठेवण्याचे कोणतेही साधन वापरू नये.

शेवटी आपल्या स्वतःच्या कर्माविषयी एक सूचना. योनिपिचु हाही आत राहणारा पदार्थच आहे. तो ठेवल्याची आणि काढल्याची वेळ केसपेपरवर नोंदवावी, दोरा बाहेर राहील असा ठेवावा, आणि ‘मूत्रप्रवृत्तीच्या वेळी आपोआप निघेल’ असे सांगून रुग्णेस घरी पाठवू नये. जो प्रश्न आपण कपाविषयी विचारतो, तोच पिचूविषयीही विचारला पाहिजे.