गॅस किती वाजता बंद केला?

गणपतीच्या महाप्रसादाला यंदा आमच्या सोसायटीने केटरर न ठरवता घरोघरी करून आणायचं ठरवलं. मसालेभात, वरण, कोशिंबीर, शिरा अशी वाटणी झाली आणि पाठोपाठ कमिटीची नोटीस बोर्डावर लागली. तिच्यातल्या एका ओळीवरून बरीच कुरकुर झाली: ‘प्रत्येक भांड्यावर पदार्थाचं नाव, फ्लॅट क्रमांक आणि गॅस बंद केल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी.’ देवाच्या प्रसादाला वेळेचा हिशेब कशाला, असं काही ज्येष्ठांनी विचारलं. माझ्या मते नोटिशीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे, आणि तिचं कारण भातात दडलेलं आहे.

मातीतून तांदळावर येणारा ‘बॅसिलस सेरियस’ नावाचा एक जिवाणू आहे. त्याचे बीजाणू इतके चिवट असतात की भात शिजला तरी मरत नाहीत. भात वाफाळता असेपर्यंत ते निपचित असतात. तो कोमट झाला की ते जागे होतात, भराभर वाढतात आणि भातातच विष सोडतात. खरी मेख पुढेच आहे. भात पुन्हा गरम केला तर जिवाणू मरतील, पण उलट्या करवणारं हे विष उकळीलाही दाद देत नाही. भाताला वास येत नाही, चव बदलत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या सुरू होतात. ‘चांगली वाफ आणली की झालं’ हा आपला भरवसा इथे खोटा ठरतो.

म्हणून नियम असा, की शिजलेलं अन्न एकतर ६० अंश सेल्सियसच्या वर गरम राहिलं पाहिजे किंवा ५ अंशांच्या खाली गार. मधल्या तापमानात दोन तासांहून जास्त वेळ नको. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते.

समजा, नोकरीवर जाणाऱ्या एका घराने सकाळी आठला पंचवीस माणसांचा मसालेभात करून गॅस बंद केला आणि पातेलं झाकून ठेवलं. पावणेएकला ते मांडवात आलं. आरती लांबली, पंगत दीडला बसली. म्हणजे साडेपाच तास झाले. मोठ्या पातेल्यातला भात मध्यभागी बराच वेळ ऊन राहतो, पण कडेचा आणि वरचा थर केव्हाच कोमट झालेला असतो. वरून हात लावून यातलं काही कळत नाही. कमिटीने काही शे रुपयांचा सुईचा थर्मामीटर आणला आहे. तो कडेला आणि मध्ये, दोन्हीकडे खुपसून पाहायचा आणि दर भांड्यानंतर पुसून उकळत्या पाण्यात बुडवायचा. साठच्या खाली आकडा आणि चिठ्ठीवर आठची वेळ असेल, तर तो भात वाढायचा नाही. हे सांगताना जीव तुटतो, कारण कुणीतरी पहाटे उठून तो केलेला असतो. म्हणून सकाळी लवकर बाहेर पडणाऱ्यांना बेसनाचे लाडू, चिवडा असे कोरडे पदार्थच वाटून द्यावेत, हे नोटिशीतलं कलम मला फार शहाणपणाचं वाटतं. कोरड्या पदार्थात जिवाणूंना वाढायला पाणीच मिळत नाही.

दुसरी गोष्ट हातांची. ओलं खोबरं आणि कोथिंबीर घरून घालून आणू नये, मांडवात वाढण्याआधी घालावी. कोशिंबिरीत दहीही तिथेच कालवावं आणि तोवर ते फ्रीजमध्ये राहावं. बोटाला कापलं असेल किंवा गेल्या दोन दिवसांत जुलाब-उलट्या झाल्या असतील, तर स्वयंपाक आणि वाढप दोन्ही टाळावं. जखमेतल्या जिवाणूंचं विषही गरम केल्याने जात नाही.

चार घरांचं वरण एका पातेल्यात ओतू नका, असंही नोटीस सांगते. एकाचं बिघडलेलं असेल तर सगळंच बिघडतं, आणि कुणाला त्रास झाला तर ते कुठून आलं हे शोधता येत नाही. प्रत्येक भांड्याला स्वतःचा डाव हवा. शेंगदाण्याचं कूट घातलं असेल तर तेही चिठ्ठीवर लिहावं. काहींना त्याची जबर ॲलर्जी असते.

शेवटचं कलम उरलेल्या अन्नाचं आहे. पंगती उठल्यावर संध्याकाळी पाचला उरलेला भात वॉचमनला आणि जिना झाडणाऱ्या मावशींना डब्यात भरून देण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. जे अन्न त्या वेळी आपण आपल्या मुलांना देणार नाही, ते त्यांना देणं दान नव्हे. त्यांची ताटं पहिल्या पंगतीतच मांडा. उरलेलं अन्न वेळेत वाटता आलं नाही, तर मन घट्ट करून ओल्या कचऱ्यात टाका.