कोल्ड कॉफीच्या रीलला पहिली ओळ

रीलखाली कॅप्शनची जेमतेम पहिली ओळ दिसते. बाकीची ‘more’ दाबल्यावरच उघडते. म्हणून ‘उन्हाळा स्पेशल ऑफर’ने सुरुवात केली, तर ती ओळ वायाच गेली. लातूरच्या ट्यूशन एरियातल्या कॅफेने असं लिहावं : ‘चारला क्लास सुटला, ऊन ४२ वर. आधी कोल्ड कॉफी, मग फिजिक्स!’ वेळ, ऊन आणि गिऱ्हाईक तिन्ही एका ओळीत आली. दुसऱ्या ओळीत भाव, खूण आणि बंद व्हायची वेळ द्यावी.

नांदेडसाठी : ‘वजिराबादेत खरेदी झाली? घसा कोरडा पडला असंल, या की!’ बोली अशी चिमूटभरच बरी. लोकेशन मात्र टाकाच, आणि भाव इनबॉक्समध्ये विचारायला लावू नका.