बारा आकड्यांचे एक वाक्य

दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती, हा जनगणनेतला तक्ता शालेय भूगोलापासून स्पर्धा परीक्षांपर्यंत सगळीकडे भेटतो. १९०१ ते २०११ या काळातल्या बारा जनगणनांचे भारताचे आकडे ओळीने असे आहेत: ९७२, ९६४, ९५५, ९५०, ९४५, ९४६, ९४१, ९३०, ९३४, ९२७, ९३३ आणि ९४३. एकशे दहा वर्षांचा हा प्रवास एका वाक्यात मावतो, आणि तेही फक्त तीन आकडे हाताशी ठेवून.

‘स्त्रियांचे प्रमाण या काळात कमी-जास्त होत राहिले’ असे लिहिले तर ते खोटे नाही, पण असे वाक्य कांद्याच्या भावालाही चालेल. उलट बाराही आकडे कोंबले तर तो तक्ताच झाला, फक्त आडवा. कामाचे वाक्य असे होईल: ‘भारतात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या १९०१ मधील ९७२ वरून १९९१ मध्ये ९२७ पर्यंत घसरली आणि त्यानंतर वाढून २०११ मध्ये ९४३ झाली.’ सुरुवात, तळ आणि शेवट एवढेच आकडे यात ठेवले आहेत. ‘दर हजार पुरुषांमागे’ हे शब्द मात्र गाळता येत नाहीत. ते गेले की स्त्रियांची एकूण संख्याच घटली असा अर्थ निघतो, आणि प्रत्यक्षात ती कित्येक पटींनी वाढली आहे.

तीन आकडे पुरतात कशावरून? हे पडताळता येते. वाक्यातले तीन बिंदू आलेखाच्या कागदावर मांडा आणि सरळ रेषांनी जोडा. पहिल्या नव्वद वर्षांत ४५ ची घट आहे, म्हणजे दर दशकाला बरोबर ५. त्या रेषेवर १९११ ला ९६७ येतात, १९२१ ला ९६२, १९५१ ला ९४७. खरे आकडे ९६४, ९५५ आणि ९४६. अशी सगळी दशके तपासली तर गाळलेल्या नऊ आकड्यांपैकी एकही रेषेपासून ७ पेक्षा जास्त दूर जात नाही! आता मधला तळ काढून ‘९७२ वरून ९४३’ एवढेच लिहा. नवी रेषा १९९१ ला सुमारे ९४८ दाखवते, म्हणजे तब्बल २१ ची चूक. त्यातून वाचणाऱ्याची समजूत अशी होते की घसरण अजून चालूच आहे.

१९५१ आणि १९८१ मध्ये आकडा किंचित वर आला होता, मग ती वळणे का सोडली? कारण दोन्ही वेळा पुढच्याच जनगणनेत तो आधीच्या तळाच्याही खाली गेला. १९८१ ला ९३४ झाले होते, १९९१ ला ९२७. पुढच्या दोन्ही जनगणनांत मात्र तो चढतच गेला. वळण म्हणावे ते यालाच.

वाक्यात ‘मुळे’ घुसवण्याचा मोह अनेकांना होतो. ‘सोनोग्राफीमुळे प्रमाण घसरले’ असे लिहून मोकळे होतात. पण ४५ च्या घटीपैकी ४२ ची घट १९७१ पर्यंतच झाली होती, आणि सोनोग्राफीची यंत्रे देशभर पसरली ती त्यानंतर. तक्ता ‘किती’ सांगतो, ‘का’ ते सांगत नाही. कारण लिहायचे तर पुढच्या वाक्यात, वेगळ्या पुराव्यानिशी लिहावे.

आणखी एक सापळा ९४० चा. २०११ चा हा आकडा अनेक पुस्तकांत आढळतो. तो तात्पुरत्या निकालांतला आहे. अंतिम निकालात ९४३ आले. परीक्षेत आणि लेखात अंतिम आकडा वापरावा, आणि एकाच वाक्यात दोन्ही प्रकार मिसळू नयेत.

शेजारच्याच स्तंभात ० ते ६ वयोगटातल्या मुलींचे प्रमाण असते. तिथे १९९१ ला ९४५, २००१ ला ९२७ आणि २०११ ला ९१९ आहेत. म्हणजे एकूण प्रमाण चढत असताना लहान मुलींचे उतरत होते. इथे ‘१९९१ नंतर परिस्थिती सुधारली’ हे वाक्य अपुरे पडते. ‘१९९१ ते २०११ या काळात एकूण प्रमाण ९२७ वरून ९४३ वर गेले, पण ० ते ६ वयोगटात ते ९४५ वरून ९१९ वर आले’ असे लिहिले की त्या एका ‘पण’ने दोन्ही स्तंभ सांभाळले जातात.

देशाचे हे वाक्य महाराष्ट्राला जसेच्या तसे लावता येत नाही. राज्याचे एकूण प्रमाण १९९१ ला ९३४, २००१ ला ९२२ आणि २०११ ला ९२९ होते. महाराष्ट्राने तळ गाठला तो देशानंतर दहा वर्षांनी, २००१ मध्ये.