मशीनचा आवाज, मराठीचा ठसका: टेक्स्ट-टू-स्पीच माणसासारखं कसं वाचेल?

आजचा विषय बऱ्याच जणांच्या कामाचा आहे. स्क्रिप्ट लिहून झाली, पण स्वतःचा आवाज द्यायचा नाहीये. मग आपण ती टेक्स्ट-टू-स्पीचला देतो. आवाज छान स्वच्छ येतो, पण दोन मिनिटांत ऐकणाऱ्याला कळतं की मशीन वाचतंय. लोकलमध्ये एका कानात इअरफोन घालून ऐकणारा माणूस मागे जाऊन पुन्हा ऐकत नाही, सरळ बंद करतो.

गंमत म्हणजे बहुतेक वेळा दोष आवाजाचा नसतो, आपण दिलेल्या मजकुराचा असतो. डोळ्यांसाठी लिहिलेलं आपण कानासाठी देतो. एक वाक्य घेऊन बघूया:

"इ.स. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मी. उंच असलेला हा गड स्वराज्याची राजधानी म्हणून जगाला माहीत झाला."

वाचायला ठीक आहे ना? आता मशीनच्या नजरेतून बघा.

पहिली अडचण आकडे आणि संक्षेपांची. १६७४ हे "एक हजार सहाशे चौऱ्याहत्तर" असं वाचलं जाऊ शकतं. व्याकरणात ते बरोबर आहे, पण साल सांगताना आपण "सोळाशे चौऱ्याहत्तर" म्हणतो. "इ.स." मधल्या टिंबांना मशीन वाक्याचा शेवट समजू शकतं. आणि "मी." तर धमालच, कारण ते "आठशे वीस, मी" असं ऐकू येतं, जणू निवेदक स्वतःबद्दल बोलतोय! उपाय साधा आहे: आकडे आणि संक्षेप अक्षरांत, पूर्ण लिहा.

दुसरी अडचण खास मराठीची. आपल्या च, ज, झ या अक्षरांचे दोन-दोन उच्चार आहेत, पण लिपीत खूण एकच. "जग" म्हणजे दुनिया आणि "जग" म्हणजे पाण्याचा जग, दोन्ही सारखेच लिहितो. "चार" मधला च वेगळा, "चारा" मधला वेगळा. "झाला", "माझा" असे रोजचे शब्द चांगले आवाज बहुधा नीट म्हणतात. फसतात ते कमी वापरातले शब्द, आडनावं आणि गावांची नावं. तिथे मूळ शब्द तसाच ठेवून sub टॅगमध्ये उच्चाराप्रमाणे लिहायचं. "पाच" चुकला तर "पात्स", "जगाला" चुकला तर नुक्ता देऊन "ज़गाला". पण आधी ऐका. बरोबर येत असेल तर हात लावू नका, कारण नुक्ता प्रत्येक आवाज सारखाच वाचेल असं नाही.

जोडशब्दांचंही तसंच. "समुद्रसपाटीपासून" एका दमात गडबडलं, तर मध्ये जागा सोडून "समुद्र सपाटीपासून" लिहा. हा मजकूर कोणी वाचणार नाहीये, फक्त ऐकणार आहे. म्हणूनच छापायची फाइल आणि वाचून घ्यायची फाइल वेगळी ठेवा.

तिसरी गोष्ट श्वासाची. वरच्या वाक्यात तीन माहित्या आहेत आणि थांबायला एकही जागा नाही. त्याची चार वाक्यं करा. मायक्रोसॉफ्ट अझूरच्या मराठी आवाजासाठी ते असं दिसेल:

```xml
<speak version="1.0"
 xmlns="http://www.w3.org/2001/10/synthesis"
 xml:lang="mr-IN">
<voice name="mr-IN-AarohiNeural">
<prosody rate="-6%">
साल सोळाशे चौऱ्याहत्तर.
<break time="500ms"/>
रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला.
समुद्र सपाटीपासून सुमारे आठशे वीस मीटर उंच असलेला हा गड.
<break time="300ms"/>
स्वराज्याची राजधानी म्हणून तो
<sub alias="ज़गाला">जगाला</sub> माहीत झाला.
</prosody>
</voice>
</speak>
```

सालानंतरचा अर्धा सेकंद मुद्दाम ठेवलाय, ऐकणाऱ्याच्या डोक्यात साल बसायला. पण प्रत्येक वाक्यानंतर तेवढाच विराम टाकला, तर घड्याळासारखी टिकटिक होते आणि मशीन पुन्हा उघडं पडतं. महत्त्वाच्या शब्दानंतर थोडं जास्त थांबा, बाकी ठिकाणी पूर्णविरामावर सोडून द्या. वेगाचंही तेच: पाच ते दहा टक्के कमी पुरे. त्याहून जास्त केलं की स्वर ताणले जातात आणि निवेदक झोपेत बोलतोय असं वाटतं.

तपासायचं कसं? स्क्रिप्ट बंद करा आणि विषय माहीत नसलेल्या मित्राला ऐकवा. आपल्या डोळ्यासमोर मजकूर असला की चुकीचा उच्चारही बरोबरच ऐकू येतो. मित्र जिथे "काय म्हणाला?" विचारेल, तो शब्द वहीत टिपून ठेवा. दोन-तीन भागांत तुमची स्वतःची उच्चारांची यादी तयार होते आणि पुढच्या स्क्रिप्टला ती थेट लावता येते.

एक मर्यादा मात्र राहते. टोमणा, हळवेपणा, हसू दाबून बोलणं हे वरच्या टॅगने येत नाही. माहिती मशीनला वाचू द्या, किस्सा स्वतः सांगा. भेटूया पुढच्या भागात!