तीन गोळ्या, एका वेळी

“रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय,” असं मी म्हणाले आणि समोरच्या माणसाचा चेहरा खुलला. “चला, बरं झालं मॅडम,” म्हणत तो उठायलाच लागला. त्याच्या हिशेबी पॉझिटिव्ह म्हणजे चांगला. मी मात्र त्याला सांगत होते की त्याच्या बेडक्यात टीबीचे जंतू सापडलेत.

बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात ही गोष्ट घडून बरीच वर्षं झाली. तेव्हापासून रोग्याशी बोलताना ‘पॉझिटिव्ह’, ‘निगेटिव्ह’ हे शब्द मी वापरत नाही. ‘जंतू सापडले’ किंवा ‘जंतू सापडले नाहीत’ एवढंच म्हणते. पण शब्द सोपे केले तरी काम निम्मंच होतं. उरलेलं निम्मं रोग्याच्या तोंडून ऐकून घ्यावं लागतं. ते कसं, हे सांगायला अलीकडचीच एक केस घेते.

पॉवरलूमवर काम करणारा, पंचेचाळिशीचा माणूस. तीन आठवडे खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरून ४८ किलो. खोकला लूमच्या धुळीचा, असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. बेडका तपासला, तर टीबी निघाला. तो बायकोला घेऊन आला. मी दार लोटून घेतलं, कारण या आजाराचं नाव बाहेरच्या बाकावर ऐकू जाऊन चालत नाही.

आधी फक्त तीन वाक्यं बोलले. “तुमच्या फुफ्फुसात टीबीचे जंतू वाढलेत. गोळ्यांनी हा आजार पूर्ण बरा होतो. गोळ्या सहा महिने रोज घ्यायच्या.” आणि थांबले. इथं “समजलं का?” असं विचारायचा मोह होतो. पण त्या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर मिळतं: “हो.” बाहेर रांग असते, डॉक्टरांपुढे ‘नाही समजलं’ म्हणायची लाज वाटते, आणि पुष्कळदा माणसाला खरोखरच वाटत असतं की आपल्याला समजलं.

म्हणून मी म्हणाले, “भाऊ, मी नीट सांगितलं की नाही, ते मला बघायचंय. घरी आईनं विचारलं, डॉक्टरीण काय म्हणाली, तर काय सांगाल?” परीक्षा माझी आहे हे आधी सांगितलं नाही, तर माणूस शाळेत उभं केल्यासारखा आखडतो.

तो म्हणाला, “सांगेन, छातीत रुईची धूळ बसली, तिचा टीबी झाला.”

नाव बरोबर होतं, कारण चुकलं होतं. आणि या चुकीची किंमत मोठी असते. धुळीनं झाला म्हटलं, की लूम सोडला की बरा होईल, आणि घरात दुसऱ्या कुणाला लागायचा नाही, हे ओघानंच आलं. मी तेच वाक्य पुन्हा मोठ्यानं म्हटलं नाही, वेगळ्या वाटेनं गेले. “धुळीनं खोकला येतो, टीबी येत नाही. टीबीचा जंतू एकाच्या खोकल्यातून हवेत जातो आणि दुसऱ्याच्या श्वासातून त्याच्या छातीत शिरतो. मग आता घरात कुणाला तपासायला हवं?” तो जरा थांबला. “पोरांना. आणि आईला, ती तर माझ्याच खोलीत झोपते.” बायकोकडे बघून म्हणाला, “हिलाही.” हे मी त्याला शिकवलं नव्हतं. त्यानं स्वतः जोडलं, म्हणून समजलं असं मी धरलं.

मग गोळ्या. सरकारी कार्यक्रमात त्या फुकट मिळतात आणि संख्या वजनावर ठरते. ३५ ते ४९ किलोच्या माणसाला रोज तीन. एकेका गोळीत चार औषधं असतात. “रोज तीन गोळ्या,” मी सांगितलं. “कशा घ्याल?”

“सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक.”

त्याचं काय चुकलं? आजवर त्याला मिळालेलं प्रत्येक औषध असंच होतं. चूक माझ्या वाक्यात होती, कारण ‘एका वेळी’ हे दोन शब्द मी गाळले होते. या गोळ्या एकदम घेतल्या तरच औषधाची पातळी रक्तात हवी तेवढी चढते. वाटून घेतल्या तर जंतू मरायला ती अपुरी पडते. आता तोंडी उत्तरावर न थांबता मी पट्टी त्याच्या हातात दिली. “उद्या सकाळच्या दाखवा.” त्यानं अंगठ्यानं तीन खळगे दाखवले. “ह्या तिन्ही, एकाच घोटात.”

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी सांगावी लागते, नाहीतर दुसऱ्याच दिवशी घरात गोंधळ उडतो. या गोळ्यांनी लघवी नारिंगी-लाल होते. ते रक्त नसतं, औषधाचाच रंग असतो. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधूक झाली, तर त्याच दिवशी यायचं. हे मी बायकोला परत सांगायला लावलं. तिनं एक बोट उघडलं, “लाल लघवी, घाबरायचं नाही.” मग तीन बोटं उघडून उरलेली तीन मोजली.

शेवटचा प्रश्न मी नेहमी ‘समजा’नं सुरू करते. सांगितलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवणं पोपटालाही जमतं. “समजा, दीड महिन्यानं खोकला गेला, ताप गेला, भूक लागली. मग गोळ्यांचं काय?” तो म्हणाला, “मग थोड्या कमी करू?” बायको मध्ये बोलणार होती, मी हातानंच थांबवलं, गोळ्या त्यानं घ्यायच्या आहेत, तेव्हा उत्तरही त्याचंच हवं. पूर्वी माझ्याच एका रोग्यानं दुसऱ्या महिन्यात गोळ्या सोडल्या होत्या. ‘सहा महिने’ म्हटल्यावर त्यानं मान डोलावली होती आणि मी पुढचा रोगी बोलावला होता. काही महिन्यांनी तो पुन्हा खोकत आला. म्हणून आता सांगते, “चुलीतला जाळ विझला तरी राखेखाली निखारा असतो. खोकला म्हणजे जाळ. निखारा विझायला सहा महिने लागतात.” मग पुन्हा तोच प्रश्न. या वेळी उत्तर आलं, “बरं वाटलं तरी तीनच. तुम्ही बंद म्हणाल तेव्हा बंद.”

या रीतीला वैद्यकात ‘टीच-बॅक’ म्हणतात. २००३ मध्ये डीन शिलिंगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत डॉक्टर आणि मधुमेहाच्या रोग्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून अभ्यासलं. डॉक्टरांनी १२४ नव्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्यांतल्या फक्त १५ गोष्टींबाबत, त्या रोग्याला समजल्या की नाही, हे विचारून पाहिलं होतं. म्हणजे हा दोष काही एकट्या राजपुऱ्याचा नाही. ‘वेळ नाही’ हे कारण मीही वर्षानुवर्षं दिलंय. या सगळ्याला चार-पाच मिनिटं जास्त गेली, बाहेर कुरकुर झाली. सगळं एका बैठकीत मावतही नाही. दोन महिन्यांनी गोळ्या बदलतात, हे मी त्या दिवशी मुद्दामच बोलले नाही.

पंधराव्या दिवशी तो रिकाम्या पट्ट्या घेऊन आला. चौदा दिवस, रोज तीन. मी खळगे मोजले, ४२ भरले.

तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही, तर उठण्याआधी तुम्हीच म्हणा, “मला काय समजलं ते सांगतो, चुकलं तर थांबवा.”