पृथ्वीचे वस्तुमान ६,१४४ किलो

दहावीच्या विज्ञानातला गुरुत्वाकर्षणाचा धडा स्कॅन करून त्यातला मजकूर संगणकाकडून उतरवून घेतला, की पृथ्वीचे वस्तुमान बऱ्याचदा `6 x 1024 kg` असे येते. छापील पानावर ते 6 × 10²⁴ असते. ओळीच्या वर बसलेला तो बारीक चोवीस यंत्राच्या लेखी दहाच्या शेजारचाच आकडा ठरतो आणि खाली उतरतो. सहा गुणिले एक हजार चोवीस म्हणजे ६,१४४ किलो, एखाद्या थोराड हत्तीचे वजन. त्या ओळीत शुद्धलेखनाची एकही चूक नसते. शब्दतपासणीचे साधन तिच्यावरून निर्धास्तपणे पुढे जाते, आणि धड्याच्या टिपणात पृथ्वी हत्तीएवढी होऊन बसते.

परीक्षेच्या तोंडावर धडा स्कॅन करायचा, मजकूर काढायचा आणि त्याची दीड-दोन पानांची उजळणी तयार करायची, असे आता पुष्कळ विद्यार्थी करतात. चित्रातून अक्षरे ओळखणाऱ्या या तंत्राला ओसीआर म्हणतात. त्यासाठीचे ‘टेसरॅक्ट’ हे मोफत सॉफ्टवेअर मराठीही वाचते. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८०च्या दशकात ते तयार झाले आणि २००५ साली सर्वांसाठी खुले झाले. मराठी मजकुरात इंग्रजी सूत्रे असलेल्या विज्ञानाच्या पानासाठी आज्ञा अशी द्यावी लागते:

```
tesseract paan05.png paan05 -l mar+eng
```

यातले `+eng` विसरले, की `G`, `M`, `kg` यांच्या जागी देवनागरीतले काहीबाही उमटते. ते एक बरे म्हणायचे, कारण ते निदान दिसते तरी.

त्रास देतात त्या न दिसणाऱ्या चुका. संपूर्ण धड्यात पृथ्वीचे वस्तुमान दोन-तीनदा येते: एकदा विवेचनात, एकदा सोडवलेल्या उदाहरणात, कदाचित स्वाध्यायातही. एका ठिकाणी बिघडले तर दुसरे ठिकाण ओरडून सांगते. संक्षेप करताना नेमकी ही पुनरुक्ती आपण काढून टाकतो. उदाहरणे जातात, आकडा एकदाच उरतो, आणि तो चुकीच्या ओळीतून उचललेला असेल तर त्याला हटकणारे शेजारी काहीच राहत नाही. म्हणून साफसफाई संक्षेपाच्या आधी करावी लागते. नंतर करायला गेले तर चूक ओळखण्याचा पुरावाच कापला गेलेला असतो.

निम्मी साफसफाई खरे तर स्कॅनरवरच होते. देवनागरीत अनुस्वार हा छापील पानावर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो. ३०० डीपीआयला स्कॅन केले तर त्या ठिपक्याच्या वाट्याला सहाएक बिंदू येतात, १५०ला तीनच. मोबाइलवरची अ‍ॅप पान ‘स्वच्छ’ करताना असे बारीक ठिपके धूळ समजून पुसू शकतात. मग ‘ग्रहांची कक्षा’ची ‘ग्रहाची कक्षा’ होते, आणि दोन्ही मराठी बिनचूकच. तेव्हा ३०० डीपीआय, करड्या छटांत, पान सरळ धरून स्कॅन करावे. भडक काळे-पांढरे रूप टाळावे आणि मूळ चित्रे शेवटपर्यंत जपून ठेवावीत.

स्कॅन म्हणजे पानाचे हुबेहूब रूप, ही समजूतही थोडी सैल धरलेली बरी. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने झेरॉक्सच्या काही यंत्रांचा घोटाळा उघड केला. एका घराच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी लिहिलेली होती. यंत्रातून आलेल्या प्रतीत तिन्ही खोल्या १४.१३च्या झाल्या होत्या. फाइल लहान करण्यासाठी ते यंत्र एकसारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवून सगळीकडे तेच चिकटवत होते. आकडे स्पष्ट, सुबक आणि चुकीचे. तेव्हा अंतिम पडताळणी करायची ती छापील पुस्तकाशीच.

मजकूर हातात आल्यावर अक्षरांकडे लगेच वळू नये. आधी पानाचे सामान बाहेर काढावे: पृष्ठक्रमांक, माथ्यावरचे धड्याचे नाव, आकृत्यांखालच्या ओळी. पाठ्यपुस्तकातल्या चौकटी इथे फार घोळ घालतात. केप्लरचा नियम सांगणारे वाक्य अर्ध्यावर असताना शेजारच्या चौकटीतला शास्त्रज्ञाचा परिचय मध्येच घुसतो, आणि वाक्याचा उरलेला भाग सात ओळींनंतर सापडतो. आधी वाक्ये सलग केली नाहीत, तर पुढची सगळी तपासणी तुकड्यांवर होते. कच्ची फाइल मात्र वेगळी ठेवावी आणि काम तिच्या प्रतीवर करावे.

मग अक्षरे. देवनागरीत काही जोड्या यंत्राला सतत चकवतात: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य. ‘पृथ्वी’ची ‘पृय्वी’ झाली तर कोणालाही कळते. ‘भार’चा ‘मार’ किंवा ‘घन’चे ‘धन’ झाले तर कळत नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत. केप्लरचा तिसरा नियम, त्याने १६१९ साली मांडलेला, असा आहे की ग्रहाच्या आवर्तकालाचा वर्ग हा सूर्यापासूनच्या त्याच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. ‘अंतराच्या धनाच्या’ असे छापून आले तर घाईतला विद्यार्थी ते ‘धन म्हणजे अधिक चिन्ह असणार’ असे समजून पाठही करील.

एकदा असे सापडले, की सगळीकडचे ‘धन’ एका झटक्यात ‘घन’ करण्याचा मोह होतो. तसे करताच ‘साधन’चे ‘साघन’ होते आणि ‘बंधन’चे ‘बंघन’. ‘मार’ बदलून ‘भार’ करायला जावे, तर ‘सुमारे’चे ‘सुभारे’ होते. जी चूक एका ठिकाणी होती ती आता आपल्या हाताने दहा ठिकाणी पेरली जाते. शोधावे एकदम, बदलावे मात्र एकेक, प्रत्येक वेळी चित्र बघून. ज्या शब्दाला कुठेच अर्थ नाही, जसे ‘पृय्वी’ किंवा ‘गुरुत्वाकर्षणा’ऐवजी आलेले ‘गुरुत्वाकर्षणा’चे एखादे मोडके रूप, तेवढेच सरसकट बदलायला हरकत नाही.

आता आकडे, खरी मेहनत यांच्यावर. आकडे असलेल्या सगळ्या ओळी आधी वेगळ्या काढाव्यात:

```
grep -n '[0-9०१२३४५६७८९]' dhada.txt
```

ज्यांना आज्ञांची सवय नाही त्यांनी छापील पुस्तक घेऊन प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलने रेघ मारली तरी तेच साधते. या यादीत घातांक हटकून बिघडलेले सापडतात. 10⁻¹¹ चे `10-11` होते, म्हणजे वजाबाकीचे उत्तर उणे एक. 10⁶ चे 106 होते. `m1` मधला १ हा खालचा अंक आहे की गुणक, हेही यंत्राच्या मजकुरातून कळत नाही.

इथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याकडे एक उपाय असतो जो इतिहासाच्या धड्यात मिळत नाही: आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. पृथ्वीच्या पृष्ठभागावरचे गुरुत्व त्वरण g = GM/R². उतरवलेल्या मजकुरातून G = 6.67 × 10⁻¹¹, M = 6 × 10²⁴ आणि R = 6.4 × 10⁶ घेतले, तर वर येते 4.002 × 10¹⁴, खाली 4.096 × 10¹³, आणि भागाकार 9.77. तो ओळखीचा 9.8 च्या जवळ आहे, म्हणजे तिन्ही घातांक जागेवर आहेत. R च्या 6.4 चे 6.1 झाले असते तर उत्तर 10.76 आले असते आणि चोरी पकडली गेली असती. पण 6.67 चे 6.61 झाले असेल, तर उत्तर 9.68 येते, आणि ‘आलेच की जवळपास’ म्हणून ते सुटू शकते. म्हणजे ही चाचणी घातांकांवर कडक आहे, शेवटच्या अंकावर ढिली. शेवटचा अंक डोळ्यांनी पानावरच बघावा लागतो.

ग्रहांच्या कोष्टकालाही तसाच उपाय चालतो. मंगळाचा आवर्तकाल १.८८ वर्षे आणि अंतर पृथ्वीच्या १.५२ पट. पहिल्याचा वर्ग ३.५३, दुसऱ्याचा घन ३.५१, जुळले. १.८८ चे १.३८ वाचले गेले असते तर वर्ग १.९० आला असता, आणि केप्लरनेच ती चूक दाखवून दिली असती.

सूत्रे मात्र यंत्राच्या मजकुरातून दुरुस्त करत बसू नयेत. अपूर्णांकाची आडवी रेघ बहुधा नाहीशी होते, अंश एका ओळीवर आणि छेद खालच्या ओळीवर पडतो, आणि अंतराचा वर्ग छेदात होता की अंशात हेच समजेनासे होते. चित्र समोर ठेवून `F = G m₁m₂ / d²` हाताने लिहायला अर्धा मिनिट लागतो. मोडक्या मजकुराची डागडुजी करायला त्याहून अधिक वेळ जातो आणि संशय उरतोच. कोष्टकांचेही तेच. स्तंभ सरकले तर मंगळाचा आकडा गुरूच्या नावापुढे जातो, आणि एकेकटा आकडा अगदी बरोबर असतो.

शेवटची फेरी छापखान्यातल्या मुद्रितशोधकांची जुनी पद्धत: एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मूळ पानावर बोट ठेवायचे. साफ केलेला मजकूर भावंडाने वाचावा आणि विद्यार्थ्याने पुस्तक धरावे. वाचणारा ‘दहाचा चोविसावा घात’ असे पूर्ण म्हणेल, ‘एक हजार चोवीस’ म्हणाला तर तिथेच थांबता येते. गळलेला अनुस्वारही कानाला लवकर कळतो. सगळा धडा असा वाचायला वेळ नसेल तर निदान नियम, व्याख्या आणि आकड्यांच्या ओळी तरी वाचाव्यात.

यानंतर संक्षेप. तिसऱ्या नियमाची नोंद मग एका ओळीत बसते: `T² ∝ r³`, पुढे ‘आवर्तकालाचा वर्ग, अंतराचा घन’ आणि पुस्तकातला पृष्ठक्रमांक. गुरुत्व त्वरणाच्या नोंदीत सूत्र, तिन्ही किमती आणि 9.77 हे उत्तर एकत्र ठेवावे. गाळायचेच असेल तर भोवतालचे विवेचन गाळावे. ही चार पदे शेजारी राहिली, की टिपण वर्गमित्राकडे गेले आणि त्याने ते पुन्हा उतरवून घेतले, तरी गणित करून ते तपासता येते. ज्या आकड्याची खात्री झाली नाही त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे आणि पान पाहूनच ते खोडावे.