अविनाशदादांना पत्र लिहिताना

‘आपण महान खेळाडू आहात. आपण देशाचे नाव उज्ज्वल केले आहे. आपण माझे प्रेरणास्थान आहात. पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.’

पाचवीतल्या एका मुलीने धावपटू अविनाश साबळे यांना लिहिलेल्या पत्राचा हा पहिला मसुदा. अक्षर वळणदार, शुद्धलेखन चोख. पण या चार ओळींत साबळे कुठेच नाहीत. वरचं नाव खोडून तिथे नीरज चोप्रा लिहिलं, तरी खालचा एकही शब्द बदलावा लागत नाही. पत्र मनापासूनचं आहे की नाही, हे ओळखायची ही सोपी कसोटी. मुलीचं प्रेम खोटं नव्हतं. निबंधाच्या वहीतली वाक्यं आधी हाताशी आली, इतकंच.

मग मावशीने तो कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, “तू त्यांची कुठली शर्यत पाहिलीस?”

तिने 2022ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा बाबांच्या मोबाइलवर पाहिली होती. तीन हजार मीटर स्टीपलचेस. या शर्यतीत धावता धावता 28 वेळा अडथळे आणि 7 वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. 1998 ते 2018 पर्यंतच्या प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत या प्रकारातली तिन्ही पदकं केनियाने नेली होती. बर्मिंगहॅमला बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे साबळे रौप्यपदक घेऊन आले. त्यांची वेळ होती 8 मिनिटं 11.20 सेकंद, सुवर्णपदक जिंकणाऱ्या केनियाच्या अब्राहम किबिवोटपेक्षा फक्त 0.05 सेकंद जास्त.

मावशीने पुढे दोनच प्रश्न विचारले. “बघताना तुला काय वाटलं?” आणि “त्यानंतर तू काय केलंस?” उत्तरं आली तशीच लिही, असंही सांगितलं. दुसरा मसुदा असा झाला :

‘आदरणीय अविनाशदादा, सा. न.

मी पाचवीत आहे. तुमची बर्मिंगहॅमची शर्यत मी पुन्हा पुन्हा बघते. शेवटी तुम्ही केनियाच्या दादाच्या इतके जवळ जाता की मला निकाल माहीत असूनही वाटतं, या वेळी तुम्ही पुढे जाल. आमच्या शाळेत अडथळ्यांची शर्यत असते. मी अडथळ्याजवळ आले की थांबायची आणि मग उडी मारायची. तुम्ही थांबत नाही, हे बघून मी अंगणात दोन विटांवर काठी ठेवून सराव केला. या वर्षी माझा चौथा नंबर आला. बक्षीस नाही मिळालं, पण मी एकदाही थांबले नाही. मला एक विचारायचं आहे. पाण्यात उडी मारल्यावर तुमचे बूट ओले होतात, मग ते जड होत नाहीत का?’

हे पत्र दुसऱ्या कुणाच्या नावाने पाठवता येणार नाही. साबळे यांचं गाव, सैन्यातली नोकरी, पदकांची यादी यातलं काहीच त्यात नाही, आणि ते बरंच झालं. ती माहिती त्यांची त्यांना ठाऊक आहे. अंगणातल्या विटा आणि काठी मात्र या पत्राशिवाय त्यांना कधीच कळल्या नसत्या. चौथा नंबर लपवला नाही, म्हणून सरावाची गोष्टही खरी वाटते. शेवटचा प्रश्न एकच आहे, आणि धावणाऱ्या माणसाला त्याचं उत्तर दोन ओळींत देता येईल. ‘तुमच्या यशाचं रहस्य काय?’ या प्रश्नाला कुणी काय उत्तर द्यावं?

इथे मोठ्यांचा हात फिरला की पत्र बिघडतं. ‘थांबायची’च्या जागी ‘आत्मविश्वास कमी पडत असे’ आलं की ते वाक्य मुलीचं राहत नाही. चुकलेली वेलांटी राहिली तरी चालेल. सही केलेला फोटो किंवा बूट मागायला मात्र सुचवू नये. मागणी आली की आधीचं सगळं कौतुक त्या मागणीसाठीच होतं, असं वाटू लागतं.

पत्र एका पानाचं असावं आणि स्वतःच्या हाताने लिहिलेलं असावं. खेळाडूच्या घरचा पत्ता शोधत बसू नये. त्याच्या खेळाच्या राष्ट्रीय महासंघाच्या कार्यालयामार्फत पाठवावं. पत्रात मुलाचं नाव आणि इयत्ता पुरे. उत्तरासाठी पालकांचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडावं.

उत्तर येईलच असं नाही. खेळाडू वर्षातले कित्येक महिने सराव शिबिरांत आणि परदेशी स्पर्धांत असतात. ही गोष्ट पत्र पेटीत टाकण्याआधीच मुलाला सांगा, नंतर नको. आणि तुमच्या घरात असं पत्र लिहिलं जात असेल, तर मजकूर सांगू नका. काय पाहिलंस, एवढंच विचारा.